जिना उतरताना गुडघ्याची वाटी दुखते? धावणं बंद करण्याआधी किलोमीटरचा हिशोब बघा

रविवारी सकाळी १४ किलोमीटर धावणं झालं. घरी येऊन अंघोळ, पोहे, चहा, सगळं नेहमीसारखं. गुडघा थोडा जड वाटत होता, पण एवढं धावल्यावर तसं होणारच, असं म्हणून विषय सोडून दिला. सोमवारी ऑफिसमध्ये दोन तास खुर्चीत बसून उठताना वाटीच्या मागे कळ आली. मंगळवारी जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागला. आणि बुधवारी धावायला सुरुवात करून जेमतेम दीड किलोमीटर झालं, तोच गुडघ्याने साफ नकार दिला.

हौशी धावपटूंच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कुणी ना कुणी ही गोष्ट सांगत असतं. त्यावर येणारे सल्लेही ठरलेले असतात. कुणी नवे बूट घ्यायला सांगतं, कुणी एमआरआय काढायला, कुणी नी-कॅप घालायला. आणि घरातले काका म्हणतात, "सांगितलं होतं ना, धावून गुडघे झिजतात!"

पण या दुखण्याचं उत्तर बहुतेक वेळा बुटांत नसतं आणि एमआरआयमध्येही नसतं. ते असतं मागच्या तीन-चार आठवड्यांत किती धावलात, या हिशोबात. ते कसं आणि यात नितंबांच्या स्नायूंचा काय संबंध, हे एका उदाहरणातून समजून घेऊया.

हे दुखणं नेमकं काय असतं?

डॉक्टर याला पटेलोफिमोरल पेन म्हणतात, धावणारे लोक 'रनर्स नी' म्हणतात. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा जितका वाकतो आणि त्या वाकलेल्या गुडघ्यावर जितकं वजन येतं, तितकी वाटी या खाचेवर जोरात दाबली जाते.

हा दाब किती असतो? १९७२ मधली एक मोजणी आजही सांगितली जाते. त्यानुसार सपाट रस्त्यावर चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो आणि खोल बैठकीत सातपटीच्याही वर. धावतानाचा भार जिन्यापेक्षाही जास्त असतो.

म्हणूनच हे दुखणं ओळखायची खूण सोपी आहे. दुखतं ते वाटीच्या मागे किंवा भोवती. बोट ठेवून एक जागा दाखवता येत नाही, पूर्ण तळहात गुडघ्यावर फिरवून "इथे कुठेतरी" असं सांगावं लागतं. जिना उतरताना, उकिडवं बसताना, जमिनीवर मांडी घालून बसून उठताना आणि सिनेमाला तीन तास बसल्यावर ते वाढतं.

याउलट, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एकाच ठिकाणी टोचत असेल किंवा वाटीच्या खालच्या जाड पट्ट्यावर बोट दाबलं की नेमकं तिथेच दुखत असेल, तर ते वेगळं दुखणं असू शकतं. त्याचे उपायही वेगळे असतात.

हे दुखणं ओळखायला बहुतेक वेळा एमआरआय लागत नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑर्थोपेडिक डॉक्टर तपासून आणि प्रश्न विचारूनच निदान करतात. पण गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर दुखायला लागला असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा सोबत ताप असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

मग गुडघा अचानक का बिघडतो?

समजा, पुण्यात राहणारी ३४ वर्षांची एक आयटी कर्मचारी आहे. दीड वर्षापासून ती आठवड्यातून तीनदा धावते: दोनदा ४ किलोमीटर आणि रविवारी ७. म्हणजे आठवड्याला १५. कधी काही दुखलं नाही. मग मैत्रिणींसोबत तिने जानेवारीतल्या २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं आणि सप्टेंबरमध्ये तयारी जोरात सुरू केली.

पुढच्या तीन आठवड्यांत तिचा आकडा १५ वरून २०, मग २६ आणि मग ३२ वर गेला. रविवारची धाव ७ वरून ९, ११ आणि १४ किलोमीटर झाली. त्यात शेवटच्या दोन रविवारी सपाट रस्ता सोडून तळजाई टेकडीचा चढ-उतारही आला.

आता हे पावलांत मोजू. आरामात धावताना एका किलोमीटरला साधारण ११०० पावलं पडतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला साडेपाचशे. १५ ऐवजी ३२ किलोमीटर म्हणजे १७ जास्त. त्या आठवड्यात तिच्या प्रत्येक गुडघ्याने नेहमीपेक्षा ९ हजारांहून जास्त पावलं झेलली. त्यातली बरीचशी उतारावरची, जिथे वाकलेल्या गुडघ्यावर ब्रेक लावत उतरावं लागतं.

तिच्या गुडघ्यात काही तुटलेलं नव्हतं. सांध्याची सवय होती १५ किलोमीटरची आणि त्याला तीन आठवड्यांत दुपटीहून जास्त काम मिळालं. सांधे, स्नायू, हाडं वाढलेल्या कामाशी जुळवून घेतात, पण त्यांना त्यासाठी आठवडे लागतात. दम मात्र लवकर वाढतो. इथेच फसगत होते. श्वास म्हणतो "अजून जाऊ", आणि गुडघा मागे राहिलेला असतो.

'१० टक्क्यांचा नियम' खरा आहे का?

दर आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, हे प्रत्येक धावपटूने ऐकलेलं असतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला. एका गटाने १० टक्क्यांच्या हिशोबाने हळू वाढ केली, दुसऱ्याने नेहमीच्या जलद कार्यक्रमाने. दोन्ही गटांत दुखापतींचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, साधारण पाचात एक.

मग लक्ष कशावर ठेवायचं? २०२५ मध्ये ५ हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एक वेगळी गोष्ट ठळक दिसली. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांब झाली, की दुखापतीचा धोका वाढत होता. तो अभ्यास फक्त गुडघ्याचा नव्हता, पण त्याचा अर्थ सरळ आहे. आठवड्याची बेरीज बघा, आणि एकाच दिवशी मारलेली मोठी उडी त्याहून जास्त बघा. आपल्या धावपटूच्या बाबतीत ती उडी रविवारी होती.

म्हणजे धावणं बंद करायचं का?

बहुतेकांना बंद करावं लागत नाही. कॅनडात क्युबेकमध्ये या दुखण्याच्या ६९ धावपटूंवर एक प्रयोग झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला फक्त धावण्याचा भार कसा कमी-जास्त करायचा हे शिकवलं. दुसऱ्याला तेच आणि सोबत व्यायाम, तिसऱ्याला तेच आणि सोबत धावण्याची पद्धत बदलायला शिकवलं. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले होते, आणि जवळजवळ सारखेच. म्हणजे तिन्ही गटांत समान असलेली गोष्ट, भार सांभाळणं, हाच उपचाराचा पाया होता.

त्यांना शिकवलेला नियम कुणालाही वापरता येतो. दुखण्याला ० ते १० असे गुण द्या. धावताना दुखणं २ च्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि धावून झाल्यावर एका तासात ते धावण्याआधी होतं तिथे परत यायला हवं. या दोन्ही गोष्टी पाळल्या गेल्या, तर ते अंतर गुडघ्याला झेपतंय. एक जरी चुकली, तर पुढची धाव छोटी किंवा हळू.

हे मोजमाप खरं राहायचं असेल, तर धावण्याआधी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. गोळीने गुडघ्यावरचा भार कमी होत नाही, फक्त तो कळेनासा होतो.

आठ आठवड्यांत तिने काय केलं?

पहिला आठवडा: ३२ चे थेट १६ किलोमीटर. पण तीन दिवसांऐवजी चार दिवस, रोज फक्त ४. एकाच दिवसाचा मोठा भार छोट्या तुकड्यांत वाटला. टेकडी बंद, सपाट रस्ता, ४ मिनिटं धावणं आणि १ मिनिट चालणं. ऑफिसात लिफ्ट. दुखणं २ पर्यंत जायचं आणि अर्ध्या तासात उतरायचं.

दुसरा आठवडा: अंतर तेच १६, पण चालण्याचे थांबे हळूहळू काढले.

तिसरा आठवडा: १८ किलोमीटर. दोन दिवस ४, दोन दिवस ५.

चौथा आठवडा: २० किलोमीटर, सर्वांत लांब धाव ६ ची. जिना उतरताना आता कठड्याची गरज नव्हती.

पाचवा आठवडा: इथे चूक झाली. बरं वाटतंय म्हणून ती तळजाईवर गेली आणि उतार जोरात उतरली. दुखणं ४ वर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही होतं. अशा वेळी लोक दोन टोकं गाठतात. एक तर महिनाभर सगळं बंद करतात, नाहीतर दात-ओठ खाऊन धावत राहतात. तिने एक दिवस जास्तीची विश्रांती घेतली आणि तिसऱ्या आठवड्याचा, म्हणजे १८ किलोमीटरचा कार्यक्रम पुन्हा केला. चार दिवसांत दुखणं पुन्हा १-२ वर आलं.

सहावा आठवडा पुन्हा २०, सातवा २२ आणि आठवा साधारण २३. सर्वांत लांब धाव ७ आणि मग साडेसात. ७ पर्यंतचं अंतर गुडघ्याच्या जुन्या ओळखीचं होतं, म्हणून तिथवर एकेक किलोमीटर वाढवता आलं. त्यापुढे मात्र दर वेळी अर्धा किलोमीटर.

इथे एक कडू हिशोब समोर आला. नोव्हेंबर संपत आला होता आणि लांब धाव साडेसातवर होती. याच गतीने जानेवारीच्या मध्यापर्यंत ती ११-१२ किलोमीटरपर्यंत पोहोचली असती, २१ पर्यंत नाही. तिने हाफ मॅरेथॉन सोडली. नोंदणीचे पैसे गेले, टी-शर्ट तेवढा घरी आला. त्याऐवजी जानेवारीच्या अखेरीस १० किलोमीटरची शर्यत ठरवली.

हा निर्णय अवघड असतो, कारण तोवर गुडघा 'बरा' वाटत असतो. पण साडेसात किलोमीटरला बरा असलेला गुडघा २१ ला बरा असेलच, असं नाही. हे दुखणं रेंगाळतं. ५ ते ८ वर्षांनी पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त रुग्णांची तक्रार पूर्ण गेलेली नव्हती. एका शर्यतीसाठी ते ओढवून घ्यायचं का, हा खरा प्रश्न असतो.

गुडघा दुखतोय, मग व्यायाम नितंबांचा का?

धावताना प्रत्येक क्षणी आपण एकाच पायावर असतो किंवा हवेत असतो. एका पायावर उभं असताना कंबर दुसऱ्या बाजूला झुकू न देणं आणि मांडी आत वळू न देणं, ही कामं नितंबाच्या बाजूच्या आणि मागच्या स्नायूंची. ते थकले किंवा कमी पडले की मांडीचं हाड आत वळतं. वाटी असते तिथेच, पण तिच्याखालची खाच सरकते. जणू गाडी रुळावरून घसरली नाही, रूळच गाडीखालून हलला. मग भार पूर्ण पृष्ठभागावर पसरण्याऐवजी वाटीच्या बाहेरच्या कडेवर जास्त येतो.

आता दुसरी बाजू. नितंब कमजोर असलेल्यांनाच पुढे हे दुखणं होतं, असं काळाच्या ओघात पाहिलेल्या अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. काहींत दुखणं आधी येतं आणि दुखतं म्हणून पाय कमी वापरल्याने कमजोरी नंतर येते. तरीही व्यायामाने फायदा होतो, हे मात्र अनेक चाचण्यांत दिसलंय. २०१९ मध्ये आलेल्या अमेरिकी फिजिओथेरपी मार्गदर्शक सूचनांनुसार नितंब आणि मांडी या दोन्हींचे व्यायाम एकत्र करावेत, आणि सुरुवातीला नितंबांवर भर द्यावा. कारण व्यावहारिक आहे. नितंबांचे बरेच व्यायाम झोपून, गुडघ्यावर भार न देता करता येतात. दुखऱ्या वाटीला न डिवचता कामाला लागता येतं.

कोणते व्यायाम आणि किती?

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. प्रत्येक व्यायामाचे ३ सेट, एका सेटमध्ये १० ते १२ वेळा. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बाराव्यांदाही गप्पा मारत होत असेल, तर भार वाढवायची वेळ आली.

१. कुशीवर पाय उचलणं: कुशीवर झोपा, खालचा पाय वाकवा, वरचा सरळ ठेवा आणि किंचित मागे न्या. बोटं समोर. फूटभर उचला, सावकाश खाली आणा. पँटच्या मागच्या खिशाजवळ ताण जाणवला पाहिजे. मांडीच्या पुढच्या बाजूला जाणवत असेल, तर पाय पुढे आलाय किंवा कंबर मागे कललीय. ही सर्वांत नेहमीची चूक. सोपं वाटू लागलं की घोट्याला १ किलोचं वजन बांधा.

२. ब्रिज: पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, कंबर वर उचला, दोन सेकंद थांबा. मांडीच्या मागे गोळा येत असेल, तर टाचा नितंबांच्या थोड्या जवळ घ्या. दोन आठवड्यांनी हेच एका पायावर.

३. बँड लावून आडवं चालणं: रबरी बँड गुडघ्यांच्या वर लावा, गुडघे जरासे वाकवा आणि डावीकडे १० ते १२ पावलं, तशीच उजवीकडे. हा एक सेट. पाऊल टाकताना गुडघे आत ओढले जाऊ द्यायचे नाहीत.

४. पायरी उतरणं: हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. आरशासमोर लाकडी पाटावर एका पायावर उभं राहा आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवा. आरशात दोन गोष्टी बघा: उभ्या पायाचा गुडघा अंगठ्याच्या आत जातोय का आणि कंबर एका बाजूला पडतेय का. तसं होत नसेल आणि दुखणं २ च्या आत असेल, तर पाटाऐवजी जिन्याची पायरी घ्या. यात मांडीच्या स्नायूंचंही काम होतं.

जोर वाढायला सहा ते आठ आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक दिसला, तर तो बहुतेक किलोमीटर कमी केल्याचा असतो. म्हणूनच दहा दिवसांत व्यायाम सोडणारे पुढे अंतर वाढवताना पुन्हा अडकतात.

बाकीच्या उपायांचं काय?

पावलं थोडी छोटी आणि जलद टाकण्याचा काहींना फायदा होतो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील, तर १७० च्या आसपास. अमेरिकेतल्या एका अभ्यासात पावलांचा वेग १० टक्क्यांनी वाढवल्यावर वाटीच्या सांध्यावरचा सर्वाधिक भार साधारण १४ टक्क्यांनी कमी झाला होता. मात्र हे अंतर वाढवण्याच्याच आठवड्यात सुरू करू नका. एका वेळी एकच बदल केला, तर कशाने काय झालं ते कळतं.

वाटीला टेप लावून घेतल्याने सुरुवातीच्या काही आठवड्यांत आराम पडू शकतो, पण तो व्यायामासोबत. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नी-कॅप आणि पट्ट्यांची शिफारस मात्र त्या २०१९ च्या सूचना करत नाहीत.

आणि काकांचं 'गुडघे झिजतात'? २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौशी धावपटूंमध्ये नितंब आणि गुडघ्यांचा संधिवात ३.५ टक्के लोकांत आढळला, तर बैठं आयुष्य असणाऱ्यांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र तो १३.३ टक्के होता. त्यामुळे हौसेने धावण्याला घाबरण्याचं कारण यात दिसत नाही.

आपल्या धावपटूने जानेवारीच्या अखेरीस १० किलोमीटर पूर्ण केले. गुडघा शेवटच्या किलोमीटरला १ वर होता आणि घरी पोहोचेपर्यंत शून्यावर. सोमवारी ती ऑफिसचा जिना कठड्याला हात न लावता उतरली. तुमचाही गुडघा कुरकुरत असेल, तर आज फोनमधल्या ॲपमध्ये दोन आकडे शोधा: मागच्या चार आठवड्यांची प्रत्येकी बेरीज आणि त्यातली सर्वांत लांब धाव. दुखणं कुठून सुरू झालं, ते बहुतेक तिथेच सापडेल.